अण्णांचं नाक, थॅलॅमस आणि करपलेली काहील: वासाची वाटच वेगळी का?

करवीरचा_गूळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६४, चाळीस वर्षं गुळव्या म्हणून काहिलीपुढं उभे आहेत. पाक उतरवायची वेळ ते रंग, बुडबुडे आणि वास या तिन्हींवर ओळखायचे. गेल्या हंगामात दोन काहिली बुडाला लागल्या. चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या पोराला करपल्याचा वास आला, अंगणात बसलेल्या आईला आला, अण्णा मात्र काहिलीवर वाकून उभे होते आणि त्यांना पत्ताच नाही. दुसऱ्यांदा झालं तेव्हा ते रात्री जेवले नाहीत.

नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, स्कॅन झाला, सायनस स्वच्छ, मांस वाढलेलं नाही. कोविड झाल्याचं आठवत नाही, डोक्याला मार नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, पण एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. त्या एका वाक्यानं घर हादरलंय. अण्णा म्हणतात, "मला काय धाड भरलीया? मिरचीची फोडणी बसली की पहिला ठसका मलाच लागतो."

मी वाचलं की डोळे, कान, त्वचा या सगळ्यांचे संदेश आधी मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रात जातात आणि मग कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला. वास तेवढा थेट जातो. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वासाला ही सूट का? आणि वास जाणं ही पार्किन्सन, अल्झायमरची आगाऊ सूचना असते, ती या थेट वाटेमुळंच का?

तात्या_मंगळवारपेठ

सोपं आहे भावा. वास हे सगळ्यात जुनं ज्ञान. जंगलात वाघाचा वास आला तर मिरजेत गाडी बदलत बसायला वेळ नव्हता, म्हणून निसर्गानं थॅलॅमसचा टप्पाच काढून टाकला. म्हणून वास सगळ्यात जलद पोचतो आणि झोपेतला माणूसही धुराच्या वासानं जागा होतो. आणि वाट उघडी असल्यानं रोगही त्याच वाटेनं आत शिरतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच.

रंकाळा_चौपाटी

मला २०२१ मध्ये कोविडनंतर तीन महिने कॉफीला सडल्यासारखा वास यायचा. अजून कांदा परतताना विचित्र वाटतं. मलापण पार्किन्सन होणार का? हा धागा वाचून पोटात गोळा आला.

राजारामपुरीच्या_बाई

मी तीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना मेंदूची शरीररचना शिकवली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहिते.

रंकाळा, तुमची गोष्ट वेगळी आहे. कोविडचा विषाणू मुख्यतः नाकाच्या छतातल्या आधारपेशींना धरतो, वास घेणाऱ्या चेतापेशी त्यांच्याबरोबर कोलमडतात. त्या चेतापेशी जन्मभर नव्यानं तयार होत असतात. नव्या पेशींच्या तारा सुरुवातीला चुकीच्या जागी जोडल्या गेल्या की कॉफी सडकी वाटते असं मानतात. वास एकदम गेला आणि वेडावाकडा का होईना परत येतोय, हे सहसा दुरुस्तीचं लक्षण असतं. पोटातला गोळा सोडा.

आता तात्या. वास जलद पोचतो हे खरं नाही. नाकाच्या तारा अगदी बारीक आणि वेष्टनाशिवायच्या, त्यांतून संदेश रेंगाळत जातो. आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. आणि झोपेचं तर उलटं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत कार्स्केडन आणि हर्झ यांनी झोपलेल्या लोकांना पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या घाणेरड्या रसायनाचा वास दिला. गाढ झोपेत जवळजवळ कुणी उठलं नाही, आवाजानं मात्र उठले. म्हणून धुराचं यंत्र वाजणारं असावं लागतं, धुरावर भरवसा ठेवता येत नाही.

मग थॅलॅमस का नाही? तुमचंच मिरज जंक्शन घेते. कोल्हापूरहून कुठंही जायचं तर आगगाडी मिरजेवरून जाते, कारण आपलं स्टेशन रुळाच्या टोकाला आहे. त्वचेचा संदेश पाठीच्या कण्यातून, कानाचा मेंदूच्या देठातून वर येतो, म्हणजे मेंदूच्या खालच्या मजल्यांवर आत शिरतो. कॉर्टेक्सला जायची त्यांची वाटच थॅलॅमसवरून आहे. नाकाचं तसं नाही. गर्भात मेंदूचा सगळ्यात पुढचा भाग फुगत असताना त्याचाच एक कोंब पुढं येतो, तो ऑलफॅक्टरी बल्ब. कॉर्टेक्स ज्या भागातून बनतो, बल्बही त्याच भागाचा. नाकातल्या तारा चाळणीसारख्या हाडातून वर गेल्या की थेट त्या वरच्या मजल्यावरच पोचतात. ज्याचं घरच महाद्वार रोडवर, त्यानं अंबाबाईच्या देवळात जायला मिरजेला जाऊन यायचं कशाला?

म्हणजे टप्पा काढून टाकलेला नाही. तो त्या वाटेवर कधी नव्हताच. ज्या कॉर्टेक्समध्ये वास उतरतो तोही जुन्या बांधणीचा, तीन थरांचा. डोळ्या-कानांचा कॉर्टेक्स सहा थरांचा आहे, आणि तो पसरला तो थॅलॅमसशी जोडी जमवून.

गंगावेस_तालीम

बाई, उदाहरण एक नंबर. पण मग जंक्शनवर जे काम होतं, निवड करणं, गर्दी आवरणं, ते वासाच्या बाबतीत कोण करतं? का सगळंच वर जातं?

राजारामपुरीच्या_बाई

चांगला विचारलात. बरंचसं काम बल्ब स्वतः करतो. माणसाच्या नाकातल्या चेतापेशींवर वास पकडणारी साधारण ४०० प्रकारची प्रथिनं आहेत, त्यांना ग्राहक म्हणतात. हे कुटुंब १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधलं, त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं. एका प्रकारचा ग्राहक असलेल्या पेशी नाकात विखुरलेल्या असल्या तरी त्यांच्या तारा बल्बमध्ये ठरलेल्या गुच्छांत एकत्र येतात. शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात, त्यानं मुख्य वास उठून दिसतो. वरून कॉर्टेक्सही बल्बला हुकूम पाठवतो. म्हणून काही संशोधक बल्बलाच वासाचा थॅलॅमस म्हणतात. सगळ्यांना ते पटत नाही, कारण डोळ्याचा पडदाही असंच पुष्कळ काम करतो आणि तरी त्याला थॅलॅमस लागतोच. मला स्वतःला ही उपमा निम्मीच पटते.

आणि धागाकर्त्यांनी एक दुरुस्ती करून घ्यावी. वास थॅलॅमसला कधीच जात नाही असं नाही. कॉर्टेक्सला पोचल्यावर त्याची एक शाखा थॅलॅमसच्या एका केंद्रातून कपाळामागच्या भागाकडं जाते. त्या भागाला सरळ जाणारी दुसरी वाटही आहे. आधी कॉर्टेक्स, मग थॅलॅमस, एवढाच क्रम उलटा.

कागलची_सून

मी शास्त्रातली नाही, घरातलं सांगते. सासूबाईंना अल्झायमर होता. निदानाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. हिंगाची डबी नाकाला लावली तर म्हणायच्या, "वास येतोय गं, पण कसला ते आठवंना." आम्ही म्हणायचो वयानं विसरतात. त्या भाजीत हिंग दोनदा घालायच्या नाहीतर अजिबात नाही. नाक चालू होतं, नाव हरवलं होतं. हे वेगळं असतं का?

राजारामपुरीच्या_बाई

खूप वेगळं, आणि तुम्ही ते नेमकं टिपलंत. वास आहे हे कळणं आणि तो कशाचा हे ओळखणं ही दोन कामं आहेत. बल्बमधून निघालेल्या तारा कॉर्टेक्सच्या ज्या भागांत पोचतात त्यात एंटोरायनल कॉर्टेक्स येतो. तो आठवणींच्या केंद्राचा दरवाजा आहे. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गाठी कॉर्टेक्समध्ये सगळ्यात आधी याच दरवाजाच्या आसपास दिसतात, हे हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये मांडलं. म्हणून त्या आजारात ओळख आधी डगमगते, वास येणं बराच काळ टिकू शकतं.

पार्किन्सनमध्ये सहसा दोन्ही जातं. २००३ मध्ये ब्राक यांच्या गटानं तिथला क्रमही मांडला. अल्फा-सायन्यूक्लिन प्रथिनाचे गोळे सुरुवातीला दोन ठिकाणी सापडतात, बल्बमध्ये व त्याला लागून असलेल्या केंद्रात, आणि खाली मेंदूच्या देठात आतड्याकडं जाणाऱ्या मज्जातंतूच्या केंद्रात. हाताचा कंप, ताठरपणा ज्या काळ्या केंद्रामुळं येतो, ते तिसऱ्या पायरीवर येतं. आणि तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्याशिवाय हाताला काही दिसत नाही. नाक आणि हात यांच्यात वर्षांचं अंतर पडतं ते यामुळं.

तर धाग्याचा दुसरा प्रश्न. थॅलॅमस नसणं हे सूचनेचं कारण नाही. कारण हे, की आजार ज्या जागी लवकर दिसतो त्या जागा वासाच्या वाटेवर आहेत. वाट आखूड असल्यानं नाकातली हवा आणि त्या जागा यांच्यात मोजक्याच जोडण्या आहेत. त्यामुळं तिथला बिघाड वासाच्या चाचणीत लगेच उमटतो. थॅलॅमसचा संबंध एवढाच.

तात्या_मंगळवारपेठ

झोपेचं मान्य, चुकलो. पण रोग नाकातून शिरतो हे मी कुठंतरी नक्की वाचलंय. बाई त्याबद्दल बोलल्या नाहीत.

राजारामपुरीच्या_बाई

तात्या, तिथं तुम्ही अगदीच चूक नाही. ब्राक यांच्या गटानंच असा अंदाज मांडला होता की काहीतरी नाकातून आणि आतड्यातून, दोन्हीकडून शिरत असावं. चाळणीच्या हाडापाशी बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यात खरंच फार थोडं अंतर आहे. पण ते काहीतरी कोणतं, हे सिद्ध झालेलं नाही. शवविच्छेदनात सगळ्यांचा क्रम ब्राक यांच्या पायऱ्यांत बसत नाही. काहींमध्ये आतड्याकडून सुरुवात झाल्यासारखं दिसतं, काहींमध्ये मेंदूतून. बल्बमध्ये आजार सुरू होतो की फक्त लवकर दिसतो, हे मी वर्गात ठामपणे कधी सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही.

पन्हाळा_पायथा

स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या नर्सबाईंना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला निदानाच्या बारा वर्षं आधी जाणवला होता ना? ते याच्याशी जोडलेलं आहे का?

राजारामपुरीच्या_बाई

ते उलट्या बाजूचं. तिथं रुग्णाचं नाक नाही, रुग्णाच्या त्वचेतलं तेल बदलतं. त्यावर मँचेस्टरमध्ये काम झालंय. गोष्ट विलक्षण आहे, पण अण्णांच्या नाकाबद्दल ती काही सांगत नाही.

गंगावेस_तालीम

मला एक बोलायचंय, कुणी वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वडलांना पार्किन्सन होता, अकरा वर्षं मी त्यांना उचलून बसवलं. आधी कळलं असतं तर काय केलं असतं? आजार थांबवणारं औषध नाही. मग धडधाकट माणसाला वासाच्या बाटल्या हुंगवून उरलेली बरी वर्षं भीतीत कशाला घालवायची? अण्णांना हंगाम करू द्या.

करवीरचा_गूळ

दादा, रात्री मलाही तेच वाटतं. पण ते वाकून उभे असतात त्या काहिलीत उकळता पाक असतो. आणि घरात गॅस आहे. वास येत नाही हे तरी पक्कं कळायला हवं ना? आणि तो मिरचीचा ठसका मला अजून सुटलेला नाही. नाक गेलं असेल तर ठसका कसा लागतो?

राजारामपुरीच्या_बाई

गंगावेस, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. खूप डॉक्टरांतही यावर दोन मतं आहेत.

ठसक्याचं सांगते, कारण त्यातच सगळ्या गोंधळाची किल्ली आहे. नाकात दोन वेगळे मज्जातंतू आहेत. एक वासाचा. दुसरा चेहऱ्याच्या स्पर्शाचा आणि जळजळीचा. मिरचीची धग, कांद्याची झोंब, कापराचा गारवा, अमोनियाचा झटका, हे दुसऱ्याचं काम. आणि तो दुसरा मज्जातंतू देठातून थॅलॅमसमार्गेच कॉर्टेक्सला जातो, अगदी मिरजेवरून. म्हणजे एकाच नाकपुडीतून दोन गाड्या सुटतात आणि अण्णांची फक्त थेट जाणारी बंद पडली असावी. तांबडा रस्सा त्यांना तिखट लागेल, खारट लागेल, पण त्यातला भाजलेल्या खोबऱ्याचा, मसाल्याचा स्वाद लागणार नाही. कारण जेवताना तो स्वाद घशाच्या मागून वर नाकातच जातो. जेवणाबद्दल त्यांची तक्रार आहे का?

घरी बघायचं तर असं करा. सर्दी नसलेला दिवस निवडा. एकसारख्या लहान डब्यांत दहा ओळखीच्या वस्तू ठेवा: वेलची, लवंग, हिंग, जिरं, कॉफी, अंगाचा साबण, खोबरेल, चंदन, लिंबाची साल आणि अर्थात गूळ. मिरची, कांदा, कापूर, निलगिरी, बाम यांतलं काही नको, ते झोंबतात. डोळे मिटून, एकेक नाकपुडी धरून, प्रत्येक वासाला चार नावांतून एक निवडायला सांगा. "माहीत नाही" चालणार नाही, अंदाज करायलाच लावा. दहातले दोन-तीन नुसत्या अंदाजानंही बरोबर येतात हे लक्षात ठेवा. त्याच वस्तू आईंनाही हुंगायला द्या, म्हणजे डब्यांतच गडबड आहे का ते कळेल. पेन्सिल्वेनियाच्या रिचर्ड डोटी यांची ४० वासांची खरडून हुंगायची चाचणी याच तत्त्वावर आहे, फक्त तिच्यातले काही अमेरिकी वास आपल्या माणसाला जन्मात आलेले नसतात. हे निदान नव्हे, एवढं मात्र पक्कं धरा.

कागलची_सून

आणि आईंना रात्रीचं विचारा. माझ्या माहेरच्या एका काकांना पार्किन्सन झाला, ते त्याआधी कित्येक वर्षं झोपेत हातपाय झाडायचे. काकूंना एकदा डोळ्यावर लागलं होतं.

राजारामपुरीच्या_बाई

हे फार नेमकं आठवलंत. स्वप्नांच्या झोपेत शरीर सैल पडायला हवं. ते पडलं नाही तर माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. वास जाणं आणि हे, दोन्ही असतील तर शंका बरीच वाढते. सोबत जुनी बद्धकोष्ठता, बारीक होत गेलेलं अक्षर, चालताना एक हात न हलणं, हेही बघतात.

नुसत्या वासावर किती भार टाकायचा, याचा एक आकडा देते. होनोलुलुत ७१ च्या पुढच्या २,२६७ पुरुषांची वासाची चाचणी करून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तो निष्कर्ष २००८ मध्ये आला. ज्यांचं नाक सगळ्यात मंद होतं त्यांच्यात पहिल्या चार वर्षांत पार्किन्सन जास्त आढळला. पण एकूण किती जणांना झाला? ३५. म्हणजे मंद नाकाच्या बहुतेकांना तो झालाच नाही. ऐंशीच्या पुढं तर चारांतल्या तिघांचा वास कमी झालेला असतो. रुग्णांकडून मागं बघितलं तर दहातल्या नवांचं नाक गेलेलं दिसतं, आणि नाकाकडून पुढं बघितलं तर फार थोडे रुग्ण होतात. घाबरवणारे लेख यातलं पहिलंच वाक्य छापतात.

रंकाळा_चौपाटी

बाई, ते रोज गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायचा व्यायाम मी तीन महिने केला, थोडा फरक वाटला. अण्णांनी करावा का?

राजारामपुरीच्या_बाई

विषाणूनंतरच्या वासासाठी तो सुचवतात, अपाय नाही. पार्किन्सनचा आजार त्यानं थांबतो असा पुरावा नाही. त्या आजारात मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडतं, त्यासाठीची गोळीही वास परत आणत नाही, हाताला मात्र आराम देते. त्यावरूनच कळतं की नाकाचा बिघाड डोपामिनच्या कमतरतेतून आलेला नाही, तो स्वतंत्रपणे त्या वाटेवरच झालाय.

करवीरचा_गूळ

बारा दिवसांनी परत आलोय. सगळं सांगतो.

रविवारी सकाळी दहा डब्या मांडल्या. आईचे नऊ बरोबर आले. अण्णांचे तीन, दोन्ही नाकपुड्यांना तेवढेच. गुळाच्या डबीला त्यांनी साबण म्हटलं. मी मधेच कापराची डबी पुढं केली, बाईंनी नको म्हटली होती तरी. लगेच म्हणाले, "हा बघ आला की वास!" विचारलं कसला, तर म्हणाले, "गार गार." तेव्हा मला दोन गाड्यांचं खरं कळलं.

मग आईला रात्रीचं विचारलं. ती आधी गप्प बसली, नंतर म्हणाली, सहा-सात वर्षं झाली, झोपेत बैल हाकल्यागत ओरडतात, लाथा मारतात, म्हणून ती खाली अंथरूण घालते. आम्हाला वाटायचं तिची कंबर दुखते. जेवणाचंही निघालं. अण्णा तीन-चार वर्षं रश्श्यात वरून मीठ घेतात, आईनं ते स्वतःच्या हाताची चव गेली म्हणून मनाला लावून घेतलं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, लिहून घेतलं. कंप नाही. उजवा हात चालताना थोडा कमी हलतो, तेही बघ म्हटल्यावर दिसलं. म्हणाले आज पार्किन्सन म्हणता येणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. झोपेची तपासणी सुचवलीय, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. रोज चालणं वाढवा म्हणाले, आणि झोपायच्या खोलीतलं धारदार, टोकदार सगळं हलवा.

गंगावेस_तालीम

अण्णांना सांगितलंस का सगळं?

करवीरचा_गूळ

झोपेचं आणि नाकाचं सांगितलं. त्या आजाराचं नाव डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच घेतलं. घरी येताना एवढंच म्हणाले, "म्हणजे त्या दोन काहिली माझ्या चुकीनं नव्हत्या." दादा, तुमचा प्रश्न होता आधी कळून काय उपयोग. मला अजून नीट उत्तर नाही. पण वर्षभर ते स्वतःला हात सुटलेला गुळव्या समजत होते.

राजारामपुरीच्या_बाई

झोपेची तपासणी टाळू नका. आणि गॅस गळतीचं वाजणारं यंत्र आधी लावा, तिथं अण्णांच्या नाकावर काही सोपवू नका.

पन्हाळा_पायथा

आमच्याकडं पण गुऱ्हाळ आहे. काहिलीला थर्मामीटर लावलंय का? किती अंशाला उतरवता?

करवीरचा_गूळ

लावलंय. ११८ च्या आसपास उतरवतो. पण अण्णांचा त्यावर विश्वास नाही, ते अजून गार पाण्यात गोळी टाकून बघतात. आतापर्यंत दोन्ही जमतंय. पोराला चुलवाणापाशी नेमलंय, करपायचा वास आला की त्यानं हाक द्यायची.